एका परिचारिकेचा पुरस्कार-प्रस्ताव आणि नवजातांच्या तापमानाची नोंदवही

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात, नवजात बाळांच्या विशेष कक्षात, म्हणजे ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात तिथे, मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्या कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरांचे नाव परिचारिका पुरस्कारासाठी पाठवायचे ठरले, तेव्हा प्रस्ताव लिहिण्याची जबाबदारी मेट्रन मॅडमनी माझ्याकडे दिली. नमुन्यातले बहुतेक रकाने सेवेत रुजू झाल्याची तारीख, गोपनीय अहवालांचे शेरे, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला असे होते आणि ते आस्थापना शाखेने भरून दिले. माझ्यासाठी उरला तो एकच रकाना: ‘उल्लेखनीय कार्याचा तपशील व त्याचा परिणाम’, मर्यादा तीनशे शब्द.

नमुना म्हणून मॅडमनी जुन्या प्रस्तावांची फाईल दिली. कर्तव्यदक्ष, मितभाषी, रुग्णांना आपुलकीने वागवणाऱ्या, कोविडकाळात जिवाची पर्वा न करता काम केलेल्या, असे प्रत्येकीविषयी लिहिलेले होते, आणि त्यातले बरेचसे खरेच होते, कारण त्यातल्या काहींना मी ओळखते. परंतु पाने उलटताना नावे झाकली, तर कोणता मजकूर कोणाचा हे मला सांगता आले नसते. निवड समितीपुढे असे चाळीस कागद गेले, तर तिने कशाच्या आधारे निवडायचे? सिस्टरांबद्दल मला वाटणारा आदर समितीला मोजता येणार नाही. त्यांनी काय बदलले, ते मात्र दाखवता येईल, असे मला वाटत होते.

सिस्टर या कक्षात अनेक वर्षे आहेत आणि त्यांनी केलेल्या गोष्टींची यादी मोठी झाली असती. ती यादी न देता एकच काम निवडायचे, हे मी सुरुवातीलाच ठरवले. तीनशे शब्दांत दहा कामे लिहिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक वाक्य येते आणि एका वाक्यात पुरावा मावत नाही. निवडलेले काम होते बाहेरून येणाऱ्या बाळांच्या थंड पडण्याबाबतचे.

याचा थोडा खुलासा करायला हवा. नवजात बाळाचे काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. ३६ च्या खाली गेले की ते मध्यम स्वरूपाचे थंड पडणे धरतात आणि ३२ च्या खाली गेले की तीव्र. बाळ ओले जन्मते आणि अंगावरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र मोठे असते, आणि कमी वजनाच्या बाळाकडे ऊब निर्माण करायला लागणारी चरबीही पुरेशी नसते. थंड पडलेले बाळ ऊब टिकवण्यासाठी साखर आणि प्राणवायू जास्त वापरते, त्यामुळे रक्तातली साखर उतरते, श्वासाचा त्रास वाढतो आणि दूध ओढण्याचे बळ राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मलेले बाळ कमी वजनासाठी आमच्याकडे पाठवले जाते आणि हिवाळ्यात घाटरस्त्याने येताना त्यात दुसऱ्या दुखण्याची भर पडते. मग आमचा पहिला तास मूळ आजारावर उपचार करण्याऐवजी बाळाला ऊब देण्यात जातो.

सिस्टरांनी यावर काय केले, हे मी रोज पाहत होते, तरी ते त्यांच्या तोंडून ऐकायला बसले. पहिल्या प्रश्नाला उत्तर आले ते अपेक्षित होते: “मॅडम, मी एकटीने काय केलं? सगळ्यांनीच केलं.” अशा उत्तरापुढे ‘तुम्ही काय केलेत’ असे पुन्हा विचारून उपयोग नसतो. म्हणून मी विचारले, की बाळ दारात आल्यावर तुम्ही पहिल्यांदा कशाला हात लावता? मग त्या सविस्तर बोलू लागल्या. बाळ रेडियंट वॉर्मरवर ठेवण्याआधी थर्मामीटर काखेत जातो, कारण वॉर्मरवर ठेवल्यानंतर घेतलेले तापमान वाटेत काय झाले ते सांगत नाही. त्यानंतर त्या बाळाला गुंडाळलेली कापडे एकेक करून हाताने चाचपून पाहतात. वरचे कापड कोरडे आणि आतले ओले, असे पुष्कळदा सापडते, कारण बाळ पुसल्यावर ज्या कापडाने पुसले त्याच्यावरच दुसरे कापड गुंडाळलेले असते.

आणि मग त्या फोन करतात. बाळ पाठवणाऱ्या केंद्रातल्या सिस्टरला, त्याच पाळीत. मी शेजारी उभी राहून ऐकलेला एक फोन असा होता: “ताई, तुमचं बाळ पोचलं. काखेतलं तापमान पस्तीस पॉइंट दोन. टोपी होती, छान केलंत. आतलं कापड ओलं होतं, तेवढं पुढच्या वेळी बदलून मग गुंडाळा. बाळ आता बरं आहे.” एवढेच. त्यात उपदेश नव्हता, वरिष्ठांना कळवण्याची धमकी नव्हती. याआधी केंद्रांना त्यांचे बाळ कोणत्या अवस्थेत पोहोचले हे कळायचेच नाही. महिन्याच्या बैठकीत कधीतरी एखादा आकडा वाचून दाखवला जाई आणि तोवर ते बाळ कोणते होते हे कोणाला आठवत नसे. जन्मकक्षातला पंखा बंद ठेवा, खोली २५ अंशांच्या वर ठेवा, बाळ पुसल्यावर ओले कापड बाजूला करा, टोपी घाला, आईच्या उघड्या छातीशी लावा, चोवीस तास अंघोळ घालू नका, या सूचना प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावलेल्या असतात. आपल्या हातून नेमकी कोणती सूचना सुटली, हे त्याच दिवशी सांगणारे कोणी नव्हते.

दुसरी गोष्ट गाडीतली. सिस्टरांनी १०२ च्या चालकांशी बोलून, आई सोबत येण्याच्या अवस्थेत असेल तर बाळ तिच्या छातीशी कातडीला कातडी लावून आणायचे आणि आई नसेल तर आजी किंवा मावशीच्या छातीशी, अशी पद्धत बसवली. त्यासाठी पुढून उघडणारा सैल झगा आणि ओढणीसारखे बांधायचे कापड असा संच प्रत्येक गाडीत ठेवला, आणि बाळ आणणारी गाडी संच परत घेऊन जाते की नाही याची नोंद कक्षाच्या दारातल्या वहीत सुरू केली.

आता परिणाम दाखवायचा होता, आणि इथे नोंदवह्या काढून बसावे लागले. आमच्या दाखल नोंदवहीत ‘दाखल होतानाचे तापमान’ असा रकाना पूर्वीपासून आहे. सिस्टरांनी फोनची पद्धत ज्या ऑक्टोबरमध्ये सुरू केली, त्याच्या आधीचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि नंतरचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांचीच तुलना करायची, हे मी आधी ठरवले. एप्रिलची जानेवारीशी तुलना केली, तर काहीही न करता बाळे गरम झालेली दिसतात. खानदेशातल्या उन्हाळ्याला परिचारिका पुरस्कार देण्यात अर्थ नाही.

आधीच्या हिवाळ्यात बाहेरून आलेली २१२ बाळे दाखल झाली होती, पण तापमानाचा रकाना त्यांतल्या १३१ बाळांचाच भरलेला होता. या १३१ पैकी ५८ बाळे ३६ अंशांच्या खाली होती, म्हणजे साधारण ४४ टक्के. नंतरच्या हिवाळ्यात २३६ बाळे आली, त्यांतल्या २२९ बाळांची नोंद होती आणि ४१ बाळे ३६ च्या खाली होती, म्हणजे १८ टक्के. कोणीही हे दोन आकडे उचलून ‘४४ वरून १८’ असे लिहून मोकळे झाले असते. मला मात्र त्या रिकाम्या ८१ रकान्यांची काळजी होती. तापमान कोणत्या बाळाचे घेतले जाते? जे हाताला थंड लागते त्याचे. ठणठणीत दिसणाऱ्या बाळाचा रकाना रिकामा राहण्याची शक्यता जास्त, आणि तसे असेल तर आधीच्या वर्षाचे ४४ टक्के फुगलेले आहेत.

ही शंका समितीतल्या कोणाच्याही मनात येऊ शकते, म्हणून ती आपणच मांडून तिचे उत्तर द्यायचे ठरवले. आधीच्या वर्षीची नोंद नसलेली सगळीच्या सगळी ८१ बाळे ऊबदार होती असे धरले, तर प्रमाण २१२ पैकी ५८, म्हणजे २७ टक्के होते. नंतरच्या वर्षीची नोंद नसलेली सातही बाळे थंड होती असे धरले, तर २३६ पैकी ४८, म्हणजे २० टक्के. प्रत्येक शंकेचा निकाल सिस्टरांच्या विरोधात लावला, तरी घट राहते. खरी घट या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे, आणि प्रस्तावात मी दोन्ही टोके लिहिली. शिवाय २१२ पैकी १३१ वरून २३६ पैकी २२९ पर्यंत गेलेली नोंद हा स्वतंत्र परिणामच होता. रकाना भरला जाऊ लागला तो सिस्टरांच्या आग्रहामुळे, आणि त्याला हवामान कारणीभूत असू शकत नाही.

याहून अवघड प्रश्न होता तो श्रेयाचा. त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला जिल्ह्यात काही नव्या रुग्णवाहिका आल्या होत्या, ज्यांची दारे नीट बंद होत. मग बाळे ऊबदार पोहोचली ती गाड्यांमुळे की फोनमुळे? सुदैवाने सिस्टरांची फोनची डायरी उपयोगी पडली. त्यांनी सगळ्या केंद्रांना एकाच वेळी जोडून घेतले नव्हते. ऑक्टोबरपासून तीन केंद्रे आणि बाकीची जानेवारीपासून, कारण सुरुवातीला त्यांच्याकडे तीनच केंद्रांतल्या सिस्टरांचे स्वतःचे नंबर होते. नव्या गाड्या मात्र सगळ्यांकडे जात होत्या. म्हणून नोव्हेंबर आणि डिसेंबर हे दोनच महिने वेगळे काढून पाहिले. या तीन केंद्रांतून आलेल्या ४१ बाळांपैकी ६ थंड होती; उरलेल्या केंद्रांतून आलेल्या ७२ पैकी १९. म्हणजे एकीकडे सातात एक आणि दुसरीकडे जवळपास चारात एक. आधीच्या हिवाळ्यात ही तीन केंद्रे इतरांपेक्षा सरस नव्हती, हेही तपासले. संख्या लहान आहेत, आणि एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढू नये हे मला माहीत आहे. म्हणून प्रस्तावात ‘फोनमुळे’ असे न लिहिता ‘जिथे फोन आधी सुरू झाला तिथे घट आधी दिसली’ असे लिहिले. जानेवारी-फेब्रुवारीत बाकीच्या केंद्रांचीही स्थिती सुधारली, परंतु फेब्रुवारीत थंडी ओसरत असते, त्यामुळे तो आकडा मी पुरावा म्हणून वापरला नाही.

मसुदा वाचून मेट्रन मॅडम म्हणाल्या, “डॉक्टर, बाकी सगळं ठीक आहे, पण बाळांचे मृत्यू कमी झाले असं एक वाक्य टाका. समितीला तेच समजतं.” कक्षातले मृत्यू त्या वर्षी खरोखर कमी झाले होते. तरी ते वाक्य मी घातले नाही, आणि त्यामागची कारणे मॅडमना सविस्तर सांगितली. त्याच वर्षी आमच्याकडे श्वासाला आधार देणारी सीपॅप यंत्रे वाढली आणि रात्रपाळीला आणखी एक डॉक्टर मिळाले. काही अत्यवस्थ बाळे मोठ्या शहरात पाठवली जातात, काहींना नातेवाईक सही करून घरी नेतात, आणि त्या बाळांचे पुढे काय झाले हे आमच्या मृत्यूच्या आकड्यात उतरत नाही. मृत्यू कमी होण्यात सिस्टरांचा वाटा असेलही. पण तो किती, हे आमच्या नोंदींतून वेगळे काढता येत नाही. दाखल होतानाचे तापमान हे मात्र बाळ आमच्या हातात येण्याआधीच्या काळजीचे माप आहे आणि सिस्टरांचे काम नेमके तिथेच होते.

मॅडमना मी फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचाच दाखला दिला, ज्यांचा जन्मदिवस १२ मे आपण परिचारिका दिन म्हणून पाळतो. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातले मृत्यू मार्च १८५५ नंतर झपाट्याने उतरले, आणि १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आकृत्यांत त्यांनी महिन्यागणिक आणि कारणागणिक मृत्यू मांडून दाखवले, ते त्या महिन्यात आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे आणि हवा खेळती राहण्याची व्यवस्था सुधारल्याचा परिणाम म्हणून. लोक सगळे श्रेय त्यांच्या शुश्रूषेला देत असताना त्यांनी स्वतः ते तसे घेतले नाही. मॅडम क्षणभर विचार करून म्हणाल्या, “मग ते वाक्य नको.” त्यांच्या या होकाराबद्दल मला मनापासून आदर वाटला, कारण प्रस्ताव निवडला जावा ही इच्छा त्यांची माझ्याइतकीच होती.

शिफारसपत्रे दोन जोडायची होती. पदाने मोठ्या व्यक्तींची पत्रे मिळवणे सोपे होते, पण सिस्टरांचे हे काम त्यांनी पाहिलेले नव्हते. म्हणून एक पत्र मागितले त्या तीन केंद्रांपैकी एका केंद्राच्या सिस्टरकडे आणि दुसरे १०२ च्या एका चालकाकडे, आणि दोघांनाही एवढेच सांगितले की स्तुती लिहू नका, तुमच्या डोळ्यांसमोर काय बदलले ते लिहा. केंद्राच्या सिस्टरनी लिहिले की फोन येऊ लागल्यापासून त्या प्रसूतीच्या ट्रेमध्ये कोरड्या कापडांचे दोन वेगळे गठ्ठे ठेवतात, एक पुसायचा आणि एक गुंडाळायचा, जेणेकरून घाईत तेच कापड पुन्हा हाती येऊ नये. चालकाने लिहिले की मागच्या खिडकीच्या रबरातून वारा येतो हे सिस्टरांनी स्वतः गाडीत बसून हाताने तपासले आणि त्यानंतर त्याने ती फट बुजवून घेतली. माझ्या कोणत्याही विशेषणापेक्षा या दोन पत्रांत सिस्टर जास्त दिसतात.

मसुदा सिस्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी एक भर घालायला सांगितली. गाडीतल्या संचातला पुढून उघडणारा झगा ही कल्पना कक्षातल्या एका मावशींची होती. त्यांनी जुन्या चादरीतून पहिला झगा घरी शिवून आणला होता. ते लिहिल्याशिवाय सही करणार नाही, असे सिस्टर म्हणाल्या. मावशींचा उल्लेख आला, तर ‘मग हे काम सिस्टरांचे कसे’ असे कोणी विचारेल, अशी भीती कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने व्यक्त केली. मला उलट वाटले. कोणाचे काय होते हे वेगळे सांगितले, की जे सिस्टरांचे म्हणून उरते त्यावर विश्वास बसतो.

शेवटी रकान्यात जो मजकूर गेला, त्याचा मुख्य भाग असा होता: ‘बाहेरून दाखल होणाऱ्या प्रत्येक नवजाताचे तापमान वॉर्मरवर ठेवण्यापूर्वी घेऊन ते पाठवणाऱ्या केंद्रास त्याच पाळीत दूरध्वनीने कळवण्याची पद्धत यांनी सुरू केली. ३६ अंशांखालील तापमानाने दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण, नोंद असलेल्या बाळांमध्ये, एका हिवाळ्यात ४४ टक्क्यांवरून पुढील हिवाळ्यात १८ टक्क्यांवर आले. आधीच्या वर्षी ८१ व नंतरच्या वर्षी ७ बाळांची नोंद नाही. या सर्वांबाबत सर्वांत प्रतिकूल गृहीत धरल्यास हे प्रमाण २७ वरून २० टक्के होते. याच काळात नव्या रुग्णवाहिकाही उपलब्ध झाल्या. मात्र ज्या तीन केंद्रांत ही पद्धत प्रथम सुरू झाली, तेथे घट प्रथम दिसली. घरी जन्मलेल्या बाळांबाबत या पद्धतीचा उपयोग झालेला नाही.’ शेवटचे वाक्य सिस्टरांच्याच सांगण्यावरून आले. घरी बाळंत होणाऱ्या बाईच्या बाळासाठी फोन कोणाला करायचा, हा प्रश्न त्यांना अजून सुटलेला नाही आणि आशाताईंच्या मार्फत काही करता येईल का याची खटपट त्या करत आहेत.

नोंदवहीच्या पानांच्या छायाप्रती जोडताना आईचे नाव, गाव आणि मोबाईल नंबर झाकले आणि फक्त नोंदणी क्रमांक, तारीख, पाठवणारे केंद्र आणि तापमान उघडे ठेवले. पुरस्काराच्या फाईलमध्ये एखाद्या आईची ओळख फिरावी, हे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. प्रत्येक आकडा कोणत्या पानावरून आला, याचा एक वेगळा कागद लावला, आणि तो सर्वांत उपयोगी ठरला. छाननीसाठी आलेल्या अधिकारी बाईंनी त्या कागदावरून मनाला येतील ते नोंदणी क्रमांक निवडले, मूळ नोंदवही मागवून तापमान जुळते का ते पाहिले आणि मग सिस्टरांची फोनची डायरी उघडून त्याच बाळांपुढे फोनची वेळ लिहिलेली आहे का ते तपासले. एका ठिकाणी फोनची वेळ नव्हती. सिस्टरांनी सांगितले की त्या रात्री त्या केंद्राचा फोन लागला नव्हता आणि सकाळच्या पाळीत लावला. दुसऱ्या दिवसाच्या पानावर ती नोंद सापडली. त्यानंतर बाईंनी विचारले की मृत्यूंविषयी काहीच कसे लिहिले नाही, आणि उत्तर सिस्टरांनीच दिले: “मॅडम, ते माझ्या एकटीच्या वहीत बसत नाही.”

जिल्ह्यातून त्यांचे नाव पुढे गेले आहे आणि राज्याच्या समितीचा निर्णय यायचा आहे. दरम्यान शेजारच्या तालुक्यातल्या उपजिल्हा रुग्णालयाने प्रस्तावासोबतचा तो तक्ता मागून घेतला, पुरस्कारासाठी नव्हे, तर आपल्याकडे बाळे किती थंड येतात ते मोजायला. त्यांच्या पहिल्या महिन्याच्या वहीत निम्मे रकाने रिकामे निघाले, आणि ते भरून कसे घ्यायचे हे विचारण्यासाठी त्यांच्या इन्चार्ज सिस्टरांचा फोन आता आमच्या सिस्टरांना येत असतो.